फितीचं दुसरं टोक

तुमच्या घराचं माप घ्यायला ठेकेदार आला होता, तेव्हा फितीचं दुसरं टोक कोणाच्या हातात होतं?

आठवून बघा. पहिलं टोक त्याच्या हातात असतं, म्हणजे चामड्याची गोल डबी आणि तिच्यातून निघणारी कापडी फीत. दुसरं टोक घरच्यांपैकी कोणीतरी भिंतीला दाबून धरायचं, अशी आमच्या अमरावतीत रीत होती. घरच्याने धरलं की पुढे मापावरून भांडण होत नाही. आकडा दोघांच्या डोळ्यांसमोर असतो. रीत चांगलीच आहे. माझं भांडण त्या 'घरच्या' शब्दाशी आहे.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांच्या मागे एक घर राहिलं आणि एक पत्र्याची ट्रंक राहिली. ट्रंकेत स्त्रियांच्या हक्कांच्या सभांची पत्रकं होती, पिवळी, गुलाबी, काही दोन्ही बाजूंनी छापलेली. वडील असतानाच मी वाचायला शिकले ती या पत्रकांवरच. आई नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी घरच्या ओसरीवर मॅट्रिकच्या मुलींचा वर्ग घ्यायची. ओसरी रस्त्याला पूर्ण उघडी होती. वर पत्रे, मागे घराची भिंत, एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला बोळ. वर्ग भरला की समोरून सायकली हळू व्हायच्या. कोणी शीळ घालायचं, कोणी भूमितीचं प्रमेय मोठ्याने म्हणून दाखवायचं. एकेक मुलगी कमी होत गेली.

त्यांतली एक दर्यापूरकडची होती. मावशीकडे राहून शिकायची. तिचं गणित असं होतं की आई तिची वही बाकीच्यांना दाखवायची. दसऱ्याला तिचे वडील आले, ओसरीवर बसले आणि समोरून गेलेल्या दोन सायकली त्यांनी पाहिल्या.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्याबद्दल काई म्हणणं नाई. पण पोरगी अशी रस्त्यावर बसते हे मले पटत नाई. इथं भिंत झाली तं दिवाळीनंतर धाडतो. नाई तं नाई."

"भिंत होईल," आई म्हणाली.

आईच्या डोक्यात सगळं पक्कं होतं. रस्त्याच्या बाजूने भिंत, वर उजेडाला झरोका. बोळाच्या बाजूने दुसरी भिंत, आणि दार त्याच भिंतीत. मुलींनी बोळातून यावं, बोळातून जावं. रस्त्याला कोण आलं, कोण गेलं, दिसू नये. तिने ठेकेदाराला कार्ड टाकलं. त्याचा निरोप आला: भिंतीलगतचं सामान हलवून ठेवा, बोळाचं फाटक उघडं ठेवा, विटांची बंडी आत जाते का ते पाहावं लागेल, आणि घरचं कोणी हजर ठेवा. बोळाच्या फाटकाला कुलूप असायचं आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. आईने ती मागून आणली. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. फळा, सतरंज्या, बाक, सगळं आम्ही दोघींनी मधल्या खोलीत नेलं.

ठेकेदार सांगितलेल्या वेळी आला. सायकल उभी केली, पायरीपाशी थांबला आणि आत डोकावला.

"घरी कोणी नाई का?"

"आहोत ना," आई म्हणाली. "या."

"तसं नाई बाई. बाप्यामाणूस कोणी?"

"घर माझ्या नावावर आहे."

"असंन ना. मी कुठं नाई म्हणून राहिलो? पण उद्या गल्लीत कोणी म्हणलं का ठेकेदार बाईमाणसाच्या घरात घुसून फीत लावून राहिला होता, तं मी काय तोंड दाखवू? अन् अंदाज कमीजास्त झाला तं मी कोणाशी बोलू?"

"माझ्याशी बोला," आई म्हणाली.

तो हसला. वाईट हसला नाही. लहान मुलाने मोठी मागणी केली की हसतात, तसा. "तुमचे दीर वकील हायेत ना अकोल्याले? त्याइले बोलवा. मी कवाही येतो."

मी म्हणाले, "आणि टोक मी धरलं तर?"

"तू शाळा शीक, ताई," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

काका अकोल्याला नामांकित वकील होते. मुलींच्या शाळेच्या मंडळावर होते. स्त्रीशिक्षणाच्या सभेत अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव छापलेलं एक पत्रक आमच्या ट्रंकेतच होतं. ते मला पाठ होतं. आईने त्यांना कळवलं. त्यांनी एक रविवार दिला, मग कोर्टाचं काम निघालं म्हणून तो रद्द केला, मग दुसरा दिला. दिवाळी पुढ्यात आली होती. प्रत्येक वेळी ठेकेदाराला नवा दिवस कळवायचा, काकूंकडून किल्ली आणायची, सामान आत न्यायचं आणि काका आले नाहीत की परत बाहेर मांडायचं.

शेवटी ते सकाळच्या गाडीने आले. माझ्यासाठी पेढे आणले होते. आईला वाकून नमस्कार केला. हे मुद्दाम लिहिते, कारण काका दुष्ट होते असं कोणाला वाटायला नको. ठेकेदार आला, आणि या वेळी चपला काढून सरळ आत आला.

"वहिनी, चहाचं बघता का?" काका म्हणाले.

आई म्हणाली, "भाऊजी, दार बोळाकडून हवं आहे. किल्ली आणून ठेवली आहे." तिने किल्ली कमरेला खोचली होती, ती हाताने चाचपली.

"हो हो, बघतो ना मी. तुम्ही चहा करा."

ती आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू येत होता. ठेकेदाराने फीत काढली आणि टोक काकांच्या हातात दिलं. काकांनी ते भिंतीला लावलं. लांबी झाली, रुंदी झाली. पत्र्याची उंची घेतली. मग ठेकेदार म्हणाला, "साहेब, दार कुठं?"

"इथं. रस्त्याला. मधोमध. दोन बाजूंना दोन खिडक्या. चांगली बैठक होईल. मला इकडे कोर्टात काम असलं की पक्षकार कुठे बसवायचे हा प्रश्नच असतो."

"काका, खोली वर्गासाठी आहे," मी म्हणाले. "दार बोळात हवं."

"बोळात? चोरासारखं? अगं, वकिलाच्या घराला बोळातून दार असतं का?"

"हे वकिलाचं घर नाही. आईचं आहे."

"बघा," काका ठेकेदाराला म्हणाले, "पत्रकांवर वाढलेली आहे आमची पुतणी. सभेत उभी केली तर आम्हाला बसवील खाली."

ठेकेदार मोठ्याने हसला. पण त्यानेच पुढे विचारलं, "आलोच हाओ तं बोळाचंही मोजून घेऊ का, साहेब?"

"नको. तिकडची भिंत कोरी."

आई ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा फीत डबीत गुंडाळली गेली होती. तिने ते पाहिलं. कप एकेकाच्या हातात दिले. ठेकेदाराने बशीत ओतून चहा संपवला आणि म्हणाला, "अंदाज साहेबाइच्या पत्त्यावर धाडतो." दिवसभर किल्ली आईच्या कमरेलाच होती. बोळाचं फाटक उघडलंच नाही.

अंदाजपत्रक अकोल्याला गेलं आणि तिथून काकांच्या शेऱ्यासह आमच्याकडे आलं. दार रस्त्याला, खिडक्या दोन, बोळाच्या बाजूला कोरी भिंत. "छान बैठक होईल," असं काकांनी खाली लिहिलं होतं.

आई मला घेऊन ठेकेदाराच्या वखारीत गेली. तो लाकडाच्या ओंडक्यावर बसला होता. उठून उभा राहिला, आम्हाला खुर्ची दिली.

"हे बदलायचं आहे," आई म्हणाली. "दार बोळाच्या भिंतीत. रस्त्याला झरोका. त्या बाजूचं माप घेतलेलं नाही, ते घ्यायला या. उद्या या."

"बाई, तुमी सांगता ते मले समजते. पण माप साहेबाइसमोर झालं. टोक त्याइनं धरलं. आता मी तुमच्या सांगण्यावरून बदललं अन् ते उद्या बोलले का माह्या माघारी काहून बदललं, तं? त्याइले घेऊन या. मी त्याच दिवशी येतो."

"ते होळीनंतर येतील."

"तं होळीनंतर."

मी भांडले. खूप बोलले. कायदा सांगितला, ट्रंकेतली वाक्यंच्या वाक्यं सांगितली. वखारीतले दोघे सुतार रंधा थांबवून ऐकत होते. ठेकेदाराने सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाला, "पोरगी हुशार हाये बाई." बस. एवढंच माझ्या भाषणाचं फळ. आईने अजून दोन ठेकेदारांना विचारलं. एकाने दिवस दिला तो याच अटीवर. दुसऱ्याने, जिथे एकाने माप घेतलंय तिथे आपण कसं जायचं, म्हणून नकार दिला.

दिवाळी झाली. दर्यापूरचे ते गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीची ट्रंक बरोबर होती, कारण आईने होईल म्हटलं होतं आणि त्यांनी विश्वास ठेवला होता. ओसरी तशीच उघडी. समोरून सायकली जात होत्या.

"बाई, भिंत?"

"माप झालं आहे," आई म्हणाली.

"मापाच्या आड पोरगी बसवू का मी?"

मुलगी ओसरीच्या कडेला उभी होती. तिने आपली गणिताची वही आईकडे मागितली. आईने आतून आणून दिली. वडिलांनी ट्रंक उचलली आणि बापलेक एसटीच्या दिशेने गेले. त्या उन्हाळ्यात तिचं अकोटला लग्न झालं. मॅट्रिकच्या गणिताच्या पेपराच्या दिवशी पर्यवेक्षण करून घरी आल्यावर आईने तिचं नाव घेतलं नाही, पण प्रश्नपत्रिका घेऊन बसली आणि एकटीने सगळी सोडवली.

आईने ठेकेदाराला काम रद्द म्हणून कार्ड टाकलं, किल्ली काकूंना परत केली. काका दुखावले. "मी वेळ काढून आलो होतो, वहिनी," असं ते पुढे कितीतरी दिवस म्हणत. त्यांचं दुःख खरं होतं, आणि माझा राग आजही त्या खरेपणावरच आहे. ओसरी अजून उघडी आहे.

मी कायद्याची भाषणं करून थकले नाही. पण आज तुमच्याकडे कायदा मागत नाही. तुमच्या घरी कधी भिंत घालायची असेल, ओटा वाढवायचा असेल, भिंतीत नवं दार काढायचं असेल, तर ठेकेदाराला दिवस कळवताना कार्डावर एक ओळ जास्त लिहा: त्या खोलीत जी वावरणार आहे, तिचं नाव, आणि मापाच्या वेळी तीच हजर असेल एवढं. तो आला की चहा तुम्ही करा. आणि फितीचं टोक तिच्या हातात द्या.