बरोबर आलेलं गणित

मुलांनो, पुढच्या महिन्यात आपलं राइट टाउनमधलं घर विकलं जाईल. तुमचे बाबा फोनवर सांगतील की आजीला कोणीतरी फसवलं. तसं झालेलं नाही. खरं काय ते माझ्या हातानं लिहिलेलं तुमच्याजवळ असावं, म्हणून सह्या होण्याआधी लिहिते आहे.

तुमच्या आजोबांना कंपवात झाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार अनेक वर्षं चालेल. त्यांना उचलायला, अंघोळ घालायला दोन वेळचे अटेंडंट लागणार होते. पेन्शनमध्ये घर चालतं, अटेंडंट बसत नाहीत. निवृत्तीची ठेव शिल्लक होती. ती गुंतवून तिच्यातून दरमहा पैसे काढत राहिलो तर ते आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर राहतील, एवढाच माझा हिशेब होता.

म्युच्युअल फंडांचं काम करणारे एक गृहस्थ चौकात बसतात. त्यांनी दोन फंड सुचवले. एकात सगळे सरकारी रोखे होते, दुसऱ्यात वेगवेगळ्या कंपन्यांना दिलेली कर्जं. "आंटीजी, शार्प रेशो देख लीजिए, सब समझ में आ जाएगा," ते म्हणाले. मी तीस वर्षं इंग्रजी शाळेत गणित शिकवलं. मला 'समझ में आ जाएगा' पुरेसं नव्हतं. घरी येऊन वहीत रकाने आखले.

शार्प रेशोचं गणित सोपं आहे. अगदी सुरक्षित ठिकाणी जितकं व्याज मिळालं असतं, त्याहून फंडानं किती जास्त दिलं ते काढायचं. मग त्याला त्या फंडाच्या चढउतारानं भागायचं. उत्तर जितकं मोठं, तितका फंड चांगला. सरकारी फंडानं वर्षाला एक टक्का जास्त दिला होता, चढउतार दोनचा. अर्धा. दुसऱ्यानं दोन टक्के जास्त, चढउतार फक्त एकचा. दोन. मी तीन वर्षांचे महिन्याचे भाव उतरवून स्वतः ताळा केला. फंडाच्या पत्रकातल्या छापील आकड्याशी जुळला. सॉर्टिनो नावाचं दुसरं माप असतं, ते फक्त खाली येण्याचा धक्का मोजतं. त्यात तर दुसरा फंड आणखी पुढे, कारण तो खाली आलाच नव्हता म्हणा ना.

आजोबा पलंगावरून बघत होते. नोकरीभर रांझीच्या कारखान्यात मालाची तपासणी केलेला माणूस. तेव्हा त्यांचा शब्द तुटत तुटत यायचा.

"तू गणितच तपासून राहिली," ते म्हणाले. "माल काहून नाही तपासत? कर्ज कोणाकोणाला दिलंय?"

"रेशोत सगळं येतं," मी म्हटलं.

"अच्छा," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. कंपन्यांची यादी त्याच पत्रकाच्या मागच्या पानावर होती. मी पान उलटलं नाही. सगळी ठेव दुसऱ्या फंडात गेली.

दीड वर्ष पैसे नेमानं आले. मग यादीतल्या एका कंपनीनं कर्ज बुडवलं, पाठोपाठ दुसरीनं. लोक पैसे काढायला धावले आणि फंडानं पैसे देणंच थांबवलं. जेव्हा जे वसूल होईल, तेव्हा तेवढं मिळेल, असं पत्र आलं. वसुलीचे दोन छोटे हप्ते आले. पुढचं कोणी सांगत नाही.

मी वही घेऊन त्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी माझे रकाने पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"नंबर तो सही था, आंटीजी," ते म्हणाले.

खरंच बरोबर होता. सरकारी रोखे बाजारात रोज विकले जातात, म्हणून त्यांचा भाव रोज हलतो. तो फंड मला हलका वाटला. या कंपन्यांची कर्जं क्वचितच कोणी विकत घेई, म्हणून त्यांचा भाव कागदावर जागचा हलत नसे. त्या न हलण्याला मी सुरक्षितता समजले. जे अजून घडलेलंच नाही, ते मागच्या तीन वर्षांच्या भावांत कुठून दिसणार? एकाच प्रकारचे दोन फंड, तोच काळ, तोच माल असेल, तर हे माप सामान्य माणसाच्या उपयोगाचं आहे. मी दोन वेगळ्या गोष्टींना एका मापात घातलं. वर्गात एखाद्या मुलीनं मीटर आणि लिटर यांची तुलना केली असती तर मी तिला बाकावर उभं केलं असतं.

पैसे थांबल्यावर रात्रीचा अटेंडंट पहिल्याच महिन्यात सोडला, दिवसाचा त्यानंतर. मला एकटीला आजोबा उचलले जात नाहीत. आता पडून पडून त्यांच्या पाठीला जखमा झाल्या आहेत. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. आता त्यांना बोलताच येत नाही.

घराचे पैसे एका अटेंडंटला आणि दोन भाड्याच्या खोल्यांना पुरतील. किती वर्षं, ते मी मांडून पाहिलेलं नाही.

पेन्शन येते. आजोबा आहेत. मऊ केलेला वरणभात त्यांना अजून गिळता येतो.