दोन खुणा आणि काकूंचं पत्र

वर्गातली पोरं तिला 'काकू' म्हणायची. वय चौतीस, शेवटचा बाक, सकाळची पाळी काचसामानाच्या कारखान्यात. तिथे ती पॅकिंगला होती. साडेअकराला सुटायची आणि बाराच्या माझ्या गणिताच्या तासाला धापा टाकत यायची. बाकी वर्गाला मी अरे-तुरे करतो, हिला मात्र आपसूक अहो-जाहो व्हायचं. तासाला तिने कधी तोंड उघडलं नाही. मी चिडका माणूस, प्रश्न विचारणाऱ्याला आधी खडू दाखवतो नि मग उत्तर देतो. कोण कशाला विचारेल?

चाचणीचे पेपर वाटले, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधल्या माझ्या खणात तिचं पत्र आलं. वहीचा कागद, अक्षर टपोरं.

"आदरणीय सर, समोर विचारायचं धाडस होत नाही म्हणून लिहिते. डेरिव्हेटिव्ह काढताना चेन रूल दोनदा कधी लावायचा? तिसऱ्या प्रश्नात साइन ३x चा वर्ग होता. मी रूल दोनदा लावला, तुम्ही फुली मारलीत. पाचव्यात कॉस x वर्ग होता. तिथेही दोनदा लावला, तर तुम्ही बरोबरची खूण केलीत. माझं काहीतरी मुळातच चुकतंय. पेपर सोबत जोडला आहे. वेळ मिळेल तेव्हा सांगावं."

मी म्हटलं, घ्या! वर्षभर घसा कोरडा केला आणि आता हे. तिला चाळीसपैकी पंधरा होते. सोळाच्या खाली असलेल्याला वार्षिक परीक्षेला बसू देत नाहीत आणि यादी दुपारी तीनला ऑफिसात जायची होती. कारखान्याने तिला वर्षभरच दुपारची मोकळीक दिली होती, म्हणजे हे वर्ष गेलं की कॉलेज संपलं. एका मार्काने राहिली बिचारी, असं म्हणत मी लाल पेन उघडलं.

तिसरा प्रश्न. तिचं उत्तर: सहा गुणिले साइन ३x गुणिले कॉस ३x. माझ्या उत्तरसूचीत सहाऐवजी दोन. मी हसलो. मग हसू गेलं. मागच्या वर्षी प्रश्न नुसत्या साइन x च्या वर्गाचा होता. यंदा मी प्रश्नात x चं ३x केलं, उत्तरातही केलं, पण पुढचा दोन तसाच ठेवला! आतला तीन बाहेर यायलाच हवा होता. तिचे दोन मार्क मी खाल्ले होते.

पाचवा प्रश्न. कॉस x वर्ग. तिने उणे साइन x वर्ग, गुणिले २x इथपर्यंत नीट आणलं होतं आणि पुढे आणखी एक '२' चिकटवला होता. मी तो न बघताच तीनपैकी तीन देऊन मोकळा झालो होतो. त्यातला एक कापायचा.

पंधरा अधिक दोन, वजा एक. सोळा! मी खुर्चीतून उठलोच.

पण मनाला खरं लागलं ते वेगळंच. फुलीबद्दल सगळेच भांडायला येतात. मिळालेल्या खुणेबद्दल कोण विचारतं? इतक्या वर्षांत एकाने विचारलं नव्हतं. हिला एका मार्काची गरज होती आणि ही पदरातले मार्क पुढे करून विचारत होती, 'हे तरी खरं का?'

बारापर्यंत मी बावन्नच्या बावन्न पेपर पोरांकडून परत मागवून तपासले. नऊ जणांना दोन-दोन वाढले. फुकटचे मिळालेल्यांचे कापले, त्यांनी तोंडं वाकडी केली. करू देत. मग तासाला फळ्यावर दोन्ही प्रश्न लिहिले आणि म्हणालो, "तपासण्यात चूक माझी. काकू, सोळा झाले तुमचे, यादीत नाव आहे. आता या पुढे आणि दोनदा कधी ते तुम्हीच सांगा."

"मी? अहो सर, मला कुठे येतंय!"

"तुम्ही रोज काय करता कारखान्यात?"

"पेल्याला कागद, कागदावर खोकं, खोक्यावर पेटी."

"मग फळ्यावरची पेटी उघडा की."

ती खडू घेऊन फळ्याशी गेली. मग बोलू लागली. "बाहेर वर्ग. त्याच्या आत साइन. त्याच्या आत ३x. वर्गातून साइनमध्ये शिरले, एकदा. साइनमधून ३x मध्ये, दुसऱ्यांदा. म्हणून दोनदा." दुसऱ्या प्रश्नाशी ती थबकली आणि एकदम हसली. "अगं बाई! इथे कॉसच्या आत नुसता x वर्ग. एकदाच शिरायचं. २x आलं की झालं. मी रिकामं खोकं पुन्हा उघडत बसले!"

वर्ग खो खो हसला, पण ते हसू तिच्यावर नव्हतं, तिच्याबरोबर होतं. मी शेवटच्या बाकावर, तिच्याच जागी बसलो होतो. इतका अभिमान मला माझ्या पदवीचाही वाटला नव्हता, खोटं कशाला बोलू?

घंटा झाली. तिने डस्टर उचललं. "सर, पुसू का?"

"राहू द्या," मी म्हणालो. "पुढच्या तासाचे सर चिडले तर माझं नाव सांगा."