भामाबाईनं न घेतलेलं नाव

दिवेलागणीला भामाबाई दारात उभी राहायची, तोंडाशी तळवा धरायची आणि माळाकडं बघून लांबलचक हाक घालायची. माळावर एक मेंढरू नव्हतं. शेवटचा कळप विकून कैक वर्षं झाली होती. आता त्या माळाच्या अंगाला कॅनॉलचं पाणी आलं होतं, डाळिंबाच्या बागा उभ्या होत्या. तरी म्हातारी हाक घालायची, जरा वेळ कान देऊन थांबायची आणि मग गप घरात येऊन चुलीपाशी बसायची.

हरणाबाईला, तिच्या लेकीला, त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ती त्या हाकेतच वाढली होती. दिवाळी सरली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा सगळा तळ, आटपाडीकडनं उठायचा. पुढं मेंढरं, मागं घोडी, घोडीवर संसार, आणि संसाराच्या वर बांधलेली कोकरं नि लहानगी हरणी. कृष्णाकाठी जैनांच्या मळ्यात खतासाठी मेंढरं बसवायची. तिथं गुणमालाकाकू सुपानं जोंधळा घालायच्या आणि दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायच्या, म्हणून हरणीला वाटायचं, ह्या लोकांना अंधाराचं भ्या वाटतंय. मग कोयनेकडचा घाट. तिथल्या धुक्यात मेंढरू दिसायचं नाही, नुसती आयची हाक दिसायची, असं हरणाबाई अजून सांगते. त्या हाकेला धरून माणसंसुद्धा चालायची.

थोरला भाऊ नानासो मात्र त्या हाकेनं कावला होता. तो विट्यात राहायचा, तिथं त्याचं खताचं दुकान होतं. एकदा मुक्कामाला आला आणि सांजची हाक ऐकून म्हणाला, "आवं आय, कुणाला बोलावताय? डोस्कं फिरलं काय तुमचं?"

"तुला न्हाई बोलवत. तू हाकंला यायचं कवाच सोडलंस," म्हातारी म्हणाली.

नानासो हसला, पण त्याच्या मनात ते राहिलं. आणि आयनं जमिनीचा कागद करायचा ठरवल्याचं कानावर गेलं तसा तो गावभर सांगायला लागला की म्हातारीला भ्रम झालाय, नसलेली मेंढरं दिसत्यात.

जमीन भामाबाईच्या नावाची होती. नवऱ्यानं मेंढरं विकून विहिरीजवळचा तुकडा आणि वरचा माळ बायकोच्या नावानं घेतला होता. हरणाबाई तिथंच राबत होती. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला काढून दिलं, त्याला आता जमाना झाला. आय गेली आणि भावानं हिसका दिला, तर तिला डोकं टेकायला दुसरी जागा नव्हती. म्हातारीच्या मनात होतं, घर आणि विहिरीचा तुकडा हरणीला, माळ थोरल्याला.

जयराजवकील गावातलाच, आटपाडीत बसायचा. भामाबाईनं गावच्या डॉक्टरकडनं दाखला आणला होता, 'सदर बाई मानसिकदृष्ट्या सक्षम आहेत.' एक ओळ आणि खाली शिक्का. वकिलानं तो कागद उलटा करून मागं काही आहे का बघितलं.

"म्हातारे, ह्यानं गाडीचं लायसनसुद्धा निघायचं न्हाई. कशावरनं सक्षम? काय इचारलं, तुमी काय सांगितलं? उद्या कोर्टात त्या डॉक्टरला आठवंल का?"

"मग काय करायचं रं?"

"सांगलीला जायाचं. मनाच्या डॉक्टरकडं."

"मी येडी हाय व्हय?"

"न्हाई, म्हणूनच. येडी न्हाई हे आजच लिहून ठेवाय पायजे. तुमी गेल्यावर तुमाला कोण इचारणार?"

म्हातारीला ते पटलं.

सांगलीतल्या डॉ. दीपाली मगदूम बाई मऊ बोलायच्या, पण नियमाला पक्क्या. सकाळचीच वेळ दिली; म्हणाल्या, म्हातारं माणूस सकाळी ताजं असतं. रक्त-लघवी तपासली, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते बघितलं, कानात मळ होता तो आधी काढायला लावला. "ऐकूच आलं नाही तर उत्तर चुकणारच, त्यात डोक्याचा काय दोष?" मग हरणाबाईकडं वळल्या. "तुम्ही बाहेर बसायचं, बाई. ज्याला मिळणार आहे तो खोलीत नको."

हरणाबाई बाकड्यावर बसली. दार लागलं. आतनं आयचा आवाज यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. एकदा म्हातारी खदखदा हसली.

परतीच्या यष्टीत म्हातारी फुगून बसली होती.

"काय झालं, आय?"

"चांगली म्हणून बसलो तर डाक्तरीण मालकाचं नाव इचारती! तोंडावर! मोबाईल लावलाय फिल्म घ्यायला आणि म्हणती, नवऱ्याचं नाव काय. लाज न्हाई व्हय?"

"मग तुमी काय सांगितलं?"

"काय सांगायचं? गप बसलो. मग ती लिवायलाच लागली."

आयनं उभ्या आयुष्यात बापाचं नाव घेतलं नव्हतं. 'मालक', 'ह्यांचं', 'घरचं' एवढंच. त्यांच्यात म्हाताऱ्या बायका घेतच नाहीत. पण शहरातल्या डॉक्टरला काय वाटलं असेल? नवऱ्याचं नाव विसरली, म्हणजे संपलंच.

दुसऱ्या भेटीला डॉक्टरबाईंनी मुद्दामच चार दिवस मध्ये सोडले होते. आज एक, उद्या दुसरं असं म्हातारी बोलते का, ते बघायला. हरणाबाई दारातच आडवी आली.

"बाई, ते नाव... आय इसरली न्हाई. आमच्यात..."

डॉक्टरबाईंनी हात वर केला. "थांबा. तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं होईल. मी त्यांनाच विचारते." आणि दार पुन्हा लागलं.

त्यानंतर भामाबाईनं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मृत्युपत्रावर अंगठा उठवला. डेअरीचा सेक्रेटरी आणि पोस्टमन साक्षीला होते. हरणाबाईला वकिलानं त्या दिवशी तालुक्यालासुद्धा येऊ दिलं नाही. पुढचा एक उन्हाळा म्हातारीनं काढला. आषाढात, झोपेतच गेली.

तेराव्याला नानासो जेवून गेला. मग नोटीस आली. मृत्युपत्र खोटं, आईला भ्रम होता, बहिणीनं भुलवलं, निम्मा हिस्सा पायजे.

दावा रेंगाळला. पहिल्यांदा नानासोची साक्ष झाली. मेंढरांना हाक घालायची, तारीख सांगता यायची नाही, सगळं त्यानं सांगितलं. उलटतपासात जयराजनं एकच आडवळणी प्रश्न घातला, "आईनं वडिलांचं नाव घेतलेलं तुम्ही कधी ऐकलं?"

"न्हाई. आमच्यातल्या जुन्या बाया घेत न्हाईत."

नानासो सहज बोलला. त्याच्या वकिलानंही मान वर केली नाही.

डॉक्टरबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा हरणाबाई मागच्या बाकावर पदर चावत बसली होती. नानासोच्या वकिलानं त्यांचंच टिपण त्यांच्या हातात दिलं.

"ह्यात लिहिलंय, घड्याळ काढता आलं नाही."

"त्यांनी पेन्सिल कधी धरली नव्हती. म्हणून ती चाचणी बाजूला ठेवून निरक्षरांसाठीची घेतली. दोन्ही नोंदी आहेत."

"तारीख चुकली."

"चुकली. महिना बरोबर, तोही 'श्रावण' म्हणून. मृत्युपत्राला तारीख पाठ असावी लागत नाही. आपण काय करतोय, आपलं काय आहे, कुणाचा हक्क पोचतो, कुणाला का देतोय, हे कळावं लागतं."

"आणि हे वाचा. पतीचं नाव?"

डॉक्टरबाईंनी वाचलं. "'पतीचं नाव विचारलं. उत्तर दिलं नाही. मान खाली घातली.'"

"बास," वकील म्हणाला. "जिला नवऱ्याचं नाव आठवत नाही, ती मृत्युपत्र करते!" आणि तो बसला.

हरणाबाईनं जयराजकडं बघितलं.

जयराज सावकाश उठला. "बाई, खालची नोंद वाचा. दुसऱ्या भेटीची."

"पहिली नोंद मी खोडली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेव्हा मला वाटलं होतं, स्मृती गेली असावी. पण 'आठवत नाही' असं लिहिलं नव्हतं. जे दिसलं तेच लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी कारण विचारलं. त्यांचेच शब्द वाचते. 'मालकाचं नाव बाईमाणसानं घ्यायचं नसतं. तुमच्या कागदात आसंल, तुमीच वाचा.' मग मी चार नावं एकामागून एक घेतली. तीन खोटी. त्यांवर त्या हसल्या. 'भाऊसो' म्हटल्यावर डोक्यावरनं पदर ओढून घेतला. चित्रीकरण दाखल आहे."

न्यायाधीशांनी पान मागं उलटून नानासोची साक्ष काढली आणि वाचली. नानासो जमिनीकडं बघत होता.

"मेंढरांचं विचारलं होतं?" जयराज.

"हो. त्या जुन्या गोष्टी फार छान सांगायच्या, ऐकतच राहावं अशा. पण जुनं आठवणं पुरेसं नसतं, म्हणून मी दरवेळी त्यांना आजच्या काळात आणत होते. 'आता मेंढरं किती?' 'आता कुठली? इकली. इकल्या दिवशी मालक जेवले न्हाईत.' 'मग हाक का मारता?' 'जिभंला सवय. हाक मारली की मालक मेंढरांभवती वाघरीचं जाळं लावताना दिसत्यात, हरणी कोकरू घिऊन येताना दिसती, थोरला मागं काठी घिऊन. दिसत्यात म्हंजे आठवत्यात, बाय. लिव्हताना गोंधळ करू नगा.'"

कोर्टात कुणीतरी हसलं. हरणाबाईला ते आयच्या तोंडनं ऐकल्यासारखं वाटलं. त्या बंद दारामागं म्हातारी काय बोलली ते तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं.

"मुलाला कमी का, हे विचारलं?"

"'त्याला बापाच्या नावची जमीन कवाच दिली, दुकानाला पैसं दिलं. हरणीला कुणीच काय दिलं न्हाई.' मी म्हटलं, मुलगा कोर्टात गेला तर? 'जाईल. तापट हाय. पण माळ त्याच्या नावानं ठेवलाय, कारण काठी घिऊन कळपामागं चालला त्योच. माळ इकू नगंस, म्हणावं.' मुलीनं हे सांगायला लावलं का, असंही विचारलं. 'हरणी? तिला मागता आलं आसतं तर सासरनं घालवली नसती.' माझं मत फक्त त्या दोन दिवसांपुरतं आणि ह्याच मृत्युपत्रापुरतं आहे. त्यांना सगळं कळत होतं."

निकाल हरणाबाईच्या बाजूनं लागला. नानासोनं अपील केलं नाही.

निकालाच्या आठवड्यात तो मोटारसायकलवर आला. घरात शिरला नाही, माळाच्या बांधावर जाऊन उभा राहिला. हरणाबाईनं चहा नेला.

"माळाला एक दलाल लय चांगला भाव देतोय, हरणे."

"मग?"

नानासोनं चहा फुंकला. "आयनं कोर्टात सगळ्यांम्होरं सांगून ठेवलंय. आता कसा इकू?"

"तिनं तुला सांगितलं, कोर्टाला न्हाई."

"त्येच तर," तो म्हणाला. आणि बशी पालथी करून, कुंपणाला तारा किती लागतील ते बघायला बांधाबांधानं चालत गेला.