वर उचललेलं चाक

बारामतीच्या रस्त्यावर माझा वजनकाटा होता. गाडी चढायची, आकडा दिसायचा, मी पावती फाडायचो. गाडीला एकूण दहा टायर दिसले की तीन अॅक्सल, चाकांचे तीन आस, म्हणजे मालासकट साडेअठ्ठावीस टनांपर्यंत चालतं, एवढं मला तोंडपाठ होतं. त्यापलीकडं मी कधी पाहिलं नाही.

त्या दुपारी पशुखाद्याची गाडी काट्यावर आली. सत्तावीस टन भरले. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्यानं खिडकीतून हाक मारली.

"आबा, मागचं उचलायचं चाक खाली येईना. हवा गळतीय. हितंच थांबून दुरुस्त करू का?"

रिकाम्या गाडीचे टायर झिजू नयेत म्हणून तिसरा अॅक्सल वर उचलून ठेवतात, माल भरला की हवेच्या दाबानं खाली सोडतात. ते चाक रस्त्यापासून वीतभर वर लटकत होतं. मला दिसत होतं. मागं ट्रॅक्टरवाले हॉर्न मारत होते.

"वजनात बसतंय न्हवं? मग काढ की गाडी," मी म्हणालो. "का जावयाच्या पाहुणचाराला थांबलायस?"

तो हसला आणि गेला.

भवानीनगरच्या पुढं वळणावर मागचा टायर फुटला. गाडी आडवी झाली. मी पोचलो तेव्हा ते उचललेलं चाक आभाळाकडं तोंड करून होतं, एकदम कोरं, त्याला मातीसुद्धा लागलेली नव्हती. ड्रायव्हरचा पाय केबिनमध्ये अडकला होता. पुढं तो कापावा लागला.

गाडी तपासायला आलेल्या मोटार वाहन निरीक्षकांना मी पावती दाखवली. "साहेब, वजन बसतंय."

"काका, तीन अॅक्सलवर बसतं. टेकले होते दोनच, त्यावर साडेअठरा चालतं. मागच्या एका अॅक्सलला साडेअकरा टनांची मर्यादा, त्यावर जवळजवळ दुप्पट भार होता. काटा सगळ्याची बेरीज सांगतो. कुठल्या चाकावर किती, ते सांगत नाही."

इतकी वर्षं मी त्या बेरजेवरच गाड्या सोडत होतो.

गाडीच्या मालकानं सगळ्यांपुढं ओरडून सांगितलं, ड्रायव्हरनंच चाक वर ठेवलं, टायर वाचवायला. मी बाजूलाच उभा होतो. हातातली पावती घडी करून खिशात ठेवली. ड्रायव्हरला पुन्हा कुणी कामावर घेतलं नाही.

गेल्या आठवड्यात मी इंदापूरला मालकाकडं गेलो. ड्रायव्हरलाही बोलावलं. कुबडी टेकत आला.

"त्यानं मला विचारलं व्हतं," मी म्हणालो. "थांबायला तयार व्हता. मीच जा म्हणालो."

मालक खुर्चीतून उठलाच. "आबा, आन् आत्ता सांगताय?"

ड्रायव्हर माझ्याकडं बघतच राहिला. "मला वाटलं तुमी जा म्हणालेलं इसरला आसाल, मुद्दाम गप बसला नसाल," तो हळू म्हणाला. "म्हणून मी तुमचं नाव कुणालाच सांगितलं न्हाय."