शाल, श्रीफळ आणि संरक्षण

नागपूरजवळच्या वाडीला आमच्या कंपनीचं मोठं गोदाम होतं आणि त्या गोदामात निरोप समारंभ असला की सूत्रसंचालन माझ्याकडे. मी माणसाला असा निरोप द्यायचो की जाणारा स्वतःच्या कौतुकानं रडायचा आणि उरलेले हसून खुर्च्यांवरून घसरायचे. एकदा आमच्या एका क्लार्कला वाटलं, आपण बदलून चाललोय की वारलोय. इतकं चांगलं बोललो होतो मी.

कंपनी साबण आणि धुण्याच्या पावडरीची, शेअर बाजारात नोंदलेली. मी साठ्याचा अधिकारी, हाताखाली पंधरा-वीस माणसं. फुटलेला, मुदत संपलेला माल आम्ही वेगळा काढायचो, तो नष्ट करायला एका ठेकेदाराकडे जायचा आणि नष्ट केल्याचं प्रमाणपत्र परत यायचं. एका रविवारी इतवारीत पितळी समई घ्यायला गेलो, तर एका ठोक दुकानाच्या ओट्यावर आमचीच खोकी. बॅच क्रमांकावर माझी निळ्या पेनची फुली. ती फुली मी मारली होती, नष्ट करायचा माल म्हणून. कागदोपत्री तो साबण महिन्यापूर्वीच मेला होता आणि इथे थाटात विकला जात होता. समई राहिली. मी खोक्यांचे फोटो काढले.

ठेकेदार आमच्या डेपो मॅनेजरचा साडू होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा कंपनीला गैरप्रकाराची तक्रार करायची सोय ठेवावीच लागते. तक्रार करणाऱ्याचा छळ होऊ नये म्हणून संरक्षण द्यावं लागतं आणि खास प्रसंगी थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाता येतं. आमच्या कँटीनमध्ये हात धुण्याच्या नळावर त्याचं पोस्टर होतं. मुंबईच्या मुख्य कार्यालयाला ईमेल पाठवण्याआधी मी अकाउंट्समधल्या बाईंना सांगितलं. गोदामात माझ्या विनोदांना न हसणारी ही एकमेव व्यक्ती, म्हणून माझा तिच्यावर विश्वास.

“भाऊ, नाव लिहून राहिले का तुम्ही?” तिनं विचारलं.

“निनावी तक्रार ते फेकून देतात म्हणे. आणि नाव नसलं तर संरक्षण कोणाले देतील?”

“संरक्षण!” तिनं डबा बंद केला. “पोस्टरले पाहा जरा. त्याच्यावर पान थुंकलं आहे कोणीतरी, वर्ष झालं. पुसाले कोणी आलं नाही.”

मी तक्रार नावासकट पाठवली.

नाव गुप्त ठेवू, असं उत्तर आलं. मग चौकशीला दोन जण मुंबईहून आले, मॅनेजरच्याच केबिनमध्ये बसले आणि एकेकाला आत बोलावू लागले. बाकीचे पाच-दहा मिनिटांत बाहेर आले. मी जेवणाआधी आत गेलो तो चहाच्या वेळी बाहेर आलो. मधे माझ्यासाठी दोनदा पाणी गेलं. बाहेर सगळा स्टाफ काचेतून पाहत होता. इतकी गुप्तता मी आयुष्यात अनुभवली नाही.

त्यानंतर मला कोणी काही बोललं नाही. फक्त माझी माणसं दुसऱ्या पाळीत गेली, साठ्याच्या सॉफ्टवेअरचा माझा पासवर्ड चालेना आणि मग बदलीचा आदेश आला. सिलिगुडी. प्रशासकीय कारणास्तव.

सक्करदऱ्याला घरी माझे वडील. अर्धांगानंतर उजवी बाजू गेलेली, बोलणं निम्मं, आणि ते निम्मं फक्त मला कळायचं. पत्नीची शाळेची नोकरी नागपुरातच. मी गेलो तर वडिलांना उचलून बसवणार कोण, हा प्रश्न होता. बाकी सिलिगुडीशी माझं काही वैर नव्हतं.

मी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना लिहिलं की ही बदली तक्रारीचा सूड आहे, थांबवा. आश्चर्य म्हणजे उत्तर आलं. पुढच्या आठवड्यात व्हिडिओवर सुनावणी ठेवली. मी घरी पेढे आणले. वडिलांना अर्धा भरवला.

आणि इथे मॅनेजरनं डाव टाकला. तो रागावला नाही, ओरडला नाही. त्यानं माझा निरोप समारंभ ठेवला.

“तुम्ही साऱ्यायले निरोप दिला गा,” तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला. “तुमचा निरोप आम्ही नाही करणार, असं होते का कुठं?”

अकाउंट्सच्या बाईंनी जिन्यात अडवलं. “जाऊ नका भाऊ. काहून जाता?”

“नाही गेलो तर म्हणतील, रुसला.”

“रुसाच ना मग! रुसाले काय पैसे पडतात?”

पण खुर्च्या मांडल्या होत्या. माईक होता. सगळे बसले होते आणि मी काय बोलतो याची वाट पाहत होते. मी कसा थांबणार? शाल पांघरली, श्रीफळ काखेत मारलं आणि उभा राहिलो. म्हणालो, सिलिगुडीला चहाचे मळे आहेत, इथल्या कँटीनचा चहा प्यायलेल्या माणसाला हे बक्षीसच म्हणायचं. म्हणालो, साहेबांचे उपकार कसे फेडू, त्यांनी मला हिमालयाच्या पायथ्याशी बसवलं, आता संन्यास तेवढा बाकी. लोक लोळले. सगळ्यांत मोठ्यानं मॅनेजर हसला. तो हसता हसता मोबाइल धरून उभा होता.

सुनावणीत पडद्यावर तीन जण होते. अध्यक्ष वयस्क, बोलायला सभ्य. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी व्हिडिओ लावला. शाल, श्रीफळ, मी, हास्याचा कल्लोळ. खाली हिंदीत भाषांतर.

“आपण स्वखुशीनं जात होतात, असं दिसतं,” अध्यक्ष म्हणाले.

“सर, तो विनोद होता.”

“साहेबांचे उपकार, असंही म्हणालात.”

“तोही विनोद होता.”

“मग गंभीरपणे आपण कधी बोललात?”

मी ईमेलचं सांगितलं. मनुष्यबळाच्या बाईंनी सांगितलं की त्याच यादीत आणखी तिघांच्या बदल्या आहेत आणि यादीचा प्रस्ताव माझ्या तक्रारीच्या आधीचा आहे. प्रस्ताव मला दाखवला नाही. निष्कर्ष असा आला: माल नष्ट करण्याच्या प्रक्रियेत त्रुटी आढळल्या, ठेकेदार बदलला, मॅनेजरला समज दिली. सूडबुद्धी सिद्ध झाली नाही.

म्हणजे माझं खरं होतं आणि शिक्षाही मलाच होती.

एका वकिलाकडे गेलो, घरचंही सगळं सांगितलं. तो म्हणाला, हाताखाली माणसं आहेत, पगार मोठा आहे, तुम्ही कायद्यानं कामगार नाही, कामगार न्यायालय तुमचं नाही. तक्रारदारांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा सरकारी कारभारापुरता, आणि तोही अजून कागदावरच. दिवाणी दावा लावता येईल.

“किती वर्षं?”

“वडील कसे आहेत?” त्यानं विचारलं. ते उत्तरच होतं.

मी राजीनामा दिला. नंतर मुंबईहून शेवटचा ईमेल आला: आपण आता कर्मचारी नसल्यानं कर्मचारी संरक्षणाखालचं आपलं प्रकरण बंद करण्यात येत आहे.

वाडीत गोदामांना तोटा नाही. पण वाडीतली सगळी गोदामं एकमेकांना फोन करतात. दोन ठिकाणी मुलाखत हसतखेळत झाली आणि मग निरोप आला नाही. तिसऱ्या ठिकाणी मालकानं माझा बायोडाटा उलटा ठेवला आणि विचारलं, “इथं काही दिसलं तर काय करसान भाऊ?”

समोर काच होती. काचेपलीकडे खोक्यांची थप्पी. मी तिकडे पाहिलं.

“मले काही दिसत नाही साहेब,” मी म्हणालो.

तो खदखदून हसला. सोमवारपासून ये म्हणाला.

घरी येऊन वडिलांना उचलून बसवलं. नोकरी लागली, सांगितलं. त्यांनी डावा हात माझ्या गालावर ठेवला आणि निम्म्या बोलण्यात विचारलं, कशी लागली? पहिल्यांदाच मी, त्यांचं बोलणं मला कळलं नाही, असं दाखवलं.