नेहमीचा दाणा

कारखान्यात तिला सगळे मागून 'नकारबाई' म्हणत आणि तोंडावर ताई. आलेला माल तपासायचा म्हणजे चार लोकांशी वाकडं घेणं आलंच, आणि ते ती एकवीस वर्षं घेत होती. घरी नवरा विचारायचा, "आज कुणाचा उद्धार केलास?" पूर्वी ती सांगायची. आताशा नुसती हात हलवून चहा मागायची.

त्या सोमवारी आलेल्या प्लास्टिक दाण्याच्या गोण्यांवर ग्रेडचा नंबर वेगळा दिसला. कारखाना फ्रीजरचे डबे बनवतो, त्याला गारठ्यात न तडकणारा दाणा लागतो. हा साधा दाणा होता. तिने मशीनवर त्याचे दहा डबे काढले, दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवले आणि कमरेच्या उंचीवरून टाकले. सात फुटले. तिने गोण्यांना लाल चिठ्ठ्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी पुरवठादाराचा माणूस धावत आला. "ताई, मशीनमध्ये हा दाणा वितळून वाहतो अगदी तसाच! डबाही दिसायला तोच. तुमचा ग्रेड मिळेना, म्हणून पर्यायी दिला."

"विचारलंत कुणाला?"

"तुमच्या ऑर्डरवर काय लिहिलंय ते तरी बघा."

ऑर्डरवर लिहिलं होतं : 'दाणा, नेहमीचा.' खरेदीवाला अकरा वर्षं तेच लिहीत होता आणि अकरा वर्षं कुणालाच त्यात खटकलं नव्हतं. तिलाही नाही. याचा तिला राग आला, तो स्वतःचाच.

मशीन बंद, माणसं हातावर हात ठेवून बसलेली. मालक म्हणाले, "एवढ्या वेळेपुरतं घे ना चालवून."

"घेते. फुटलेले डबे कुणाच्या नावावर परत येतील, तेवढं लिहून द्या."

मालकांनी विषय सोडला. तिने पुरवठादाराला पत्र धाडलं : माल परत नेणे. ठरलेल्या ग्रेडचं नाव, वितळून वाहण्याचा आकडा आणि थंडीत आघात सोसण्याची क्षमता लेखी कळवणे. आमच्या लेखी संमतीशिवाय बदल नको. हा बदल कोणत्या खेपेपासून झाला, तेही लिहिणे. शेवटचं वाक्य तिने निव्वळ सवयीने घातलं होतं.

गुरुवारी उत्तर आलं. मागितलेलं सगळं होतं, सही-शिक्क्यासकट. तळाशी लिहिलं होतं : 'पर्यायी ग्रेड मागील दोन खेपांपासून दिला आहे.'

ती खुर्चीत बसली. त्या दोन खेपांवर तिचीच सही होती. तेव्हा गुडघा ठणकत होता, गोदामाचे जिने उतरवेनात. वर बसूनच चलान पाहिलं आणि सही ठोकली. नेहमीचाच तर माल! डबे कधीच दुकानांत गेले होते. पत्र अजून तिच्याशिवाय कुणी वाचलं नव्हतं. तिला फार थकल्यासारखं वाटलं, आणि लाजही वाटली.

मग ती उठून मालकांच्या खोलीत गेली आणि पत्र टेबलावर ठेवलं.

"दोन खेपांचे डबे परत बोलवावे लागतील," ती म्हणाली. "माल न बघता सही मी केली होती."