पाण्याची चौकट

त्याला ऑफिसात सगळे ‘खात्रीकाका’ म्हणत. कुणीही बातमी घेऊन टेबलाशी आलं की मान वर न करता त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “खात्री केलीस?” केली म्हटलं तर “कुणाकडे?” आणि नाव सांगितलं तर “पुन्हा विचार.” नवीन पोरं पाठीमागे त्याची नक्कल करत आणि त्याला ते माहीत होतं. वर्तमानपत्रात आयुष्य काढलेल्या माणसाची नक्कल होत नसेल तर त्यानं काही केलं नाही असं खुशाल समजावं, असं तो म्हणायचा.

दरवर्षी नवे शिकाऊ उपसंपादक आले की त्यांच्यासमोर छोट्या चुकांवर बोलायचं काम त्याचंच. भाषण पाठ होतं. जिवंत माणसाचा फोटो निधनाच्या बातमीत गेला आणि तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी स्वतः तक्रार घेऊन आला, तिथून सुरुवात. मग हशा, मग चहा, आणि शेवटी चूक लहान असते पण वाचकाची आठवण लहान नसते, हे वाक्य. पोरं ते वहीत लिहून घेत आणि संध्याकाळपर्यंत विसरत. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, पण पगार त्याचाही होता.

या वर्षी मात्र भाषणाच्या दिवशी तो दवाखान्यातून थेट ऑफिसात आला. आत त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता, लघवी बंद झालेला, हातापायांना सूज आलेला. बाहेर बाकावर ताई बसली होती. तिनं भावाला रागानं एक शब्द ऐकवला नव्हता. ऐकवला असता तर बरं झालं असतं, असं त्याला जिना उतरताना वाटत होतं.

झालं होतं ते असं. ताईच्या वस्तीत पाण्याच्या मोठ्या नळात गटाराचं पाणी शिरलं. पाणीपुरवठा खात्यानं पाणी उकळून प्या म्हणून कळवलं. खात्याची भोंग्याची गाडी मोठ्या रस्त्यानं फिरली, गल्ल्यांत शिरली नाही. वर्तमानपत्रानं मात्र ती सूचना पहिल्या पानावर, निळ्या कडांच्या चौकटीत छापली. ती चौकट खात्रीकाकानं स्वतः तपासून सोडली होती. वस्तीचं नाव, वार, किती वेळ उकळायचं, सगळं बिनचूक होतं. बहिणीला त्यानं फोन केला नाही, कारण छापलं होतं. छापलं म्हणजे कळलं, याच समजुतीवर तर त्याचं घर चाललं होतं.

ताईनं ती चौकट वाचली. वाचून ती हसली आणि भाऊजींनाही दाखवली.

कारण ही निळी चौकट त्या वस्तीत प्रसिद्ध होती. पान लावणारी मंडळी घाईत नवी चौकट बनवत नसत. मागची उघडायची, वरचा मजकूर खोडून नवा टाकायचा, रंग आणि आकार आयता मिळतो. पण तळाशी बारीक अक्षरात वस्त्यांची नावं असतात, तिथवर डोळा पोचला नाही की जुनी नावं तशीच छापून येतात. एकदा पाणी बंद राहणार असल्याच्या चौकटीत असंच ताईच्या वस्तीचं जुनं नाव तसंच राहून गेलं. बायकांनी बादल्या, पातेली, पिंपं भरून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नळ दिवसभर धो धो वाहत राहिला. पुढच्या खेपेला नाव बरोबर होतं पण वार मागच्या चौकटीतला, आणि वस्तीला दोन दिवस घोटभर पाणी नाही. त्यानंतरही असंच काहीतरी झालं. पहिल्या चुकीची दुरुस्ती आतल्या पानात जाहिरातींच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात आली. शेवटच्या वेळी मुख्य संपादक म्हणाले की पाण्याच्या चौकटीसाठी कोण माफी मागतं, उगाच आपणच आपली अब्रू चव्हाट्यावर मांडायची. खात्रीकाका भांडला, मग गप्प बसला. वस्तीत तेव्हापासून निळी चौकट आली की लोक एकमेकांना म्हणत, चला, उद्या पाणी भरपूर येणार.

त्या दिवशीही कुणीतरी तेच म्हणालं आणि भाऊजींनी नळाखालचा तांब्या भरून घेतला. ताईलाही उलट्या झाल्या, पण ती सावरली. भाऊजींची मूत्रपिंडं आधीच दुबळी होती. अंगातलं पाणी गेलं तशी तीही बंद पडली.

भाषणाच्या खोलीत पंखा करकरत होता. भिंतीवर ‘संस्था आणि विश्वास’ असा फलक कुणीतरी हौसेनं लावला होता. समोर सात-आठ कोवळे चेहरे, वह्या उघड्या. खात्रीकाकानं जिवंत माणसाच्या फोटोचा किस्सा सांगायला घेतला आणि पहिल्या वाक्यालाच सोडून दिला. मग तो खुर्चीत बसला आणि त्यानं पाण्याच्या चौकटीची हकीकत सांगितली. बहीण स्वतःची आहे हेही सांगितलं. खोलीत कुणी हसलं नाही. एका मुलाला लांडगा आला रे आला ही गोष्ट आठवली आणि तो तसं बोलून बसला.

“त्या पोरानं गंमत म्हणून खोटं सांगितलं होतं,” खात्रीकाका म्हणाला. “आपण कधीच खोटं छापलं नाही. आपल्याला फक्त घाई होती. लांडग्याला त्यानं काय फरक पडतो?”

मागच्या रांगेतली एक मुलगी बराच वेळ पेन चावत होती. तिनं हात वर केला.

“सर, पण त्या दिवशी तर आपलं बरोबर होतं ना? मग ही चूक कुणाची धरायची?”

नेहमीचं शेवटचं वाक्य जिभेवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. खरं सांगायचं तर त्याला त्या मुलीचा राग आला, आणि राग येण्याचं कारण एवढंच की तिनं नेमकं विचारलं होतं.

तेवढ्यात पाणीपुरवठा खात्याचं पत्रक आलं. ताईच्या वस्तीचं पाणी आता शुद्ध आहे, प्यायला हरकत नाही. खात्रीकाका पत्रक हातात घेऊन उठला. भाषण संपलं, तो म्हणाला, आता ही चौकट तुम्हीच करा. जुनी उघडायची नाही. कोऱ्या पानावर, पहिल्या अक्षरापासून.

मग त्या पोरांनी जे केलं ते पाहून कुणाचाही ऊर भरून आला असता. एकानं वस्तीतल्या गल्ल्यांची नावं नकाशावर ताडून पाहिली. दुसऱ्यानं प्रयोगशाळेत फोन करून नमुने कुठल्या नळांतले होते ते विचारलं आणि एकच अहवाल आहे की लागोपाठ दोन, हेही विचारलं. दोन होते, दोन्ही निर्दोष. पेन चावणाऱ्या मुलीनं खात्याच्या अभियंत्याला गाठलं. घरात आधी साठवलेल्या पाण्याचं काय, ते पत्रकात नव्हतं. अभियंता जरा चपापला आणि म्हणाला की ते ओतून टाकायचं, भांडी धुवायची, नळ थोडा वेळ सोडून मगच भरायचं. तिनं ते लिहिलं, त्याला वाचून दाखवलं आणि मगच फोन ठेवला. छापील प्रत आली तेव्हा खात्रीकाकानं तळाच्या बारीक अक्षरांपासून वर असं उलटं वाचत नेलं. एकही जुना शब्द नव्हता. इतक्या वर्षांत इतकी स्वच्छ चौकट त्याच्या टेबलावर आली नव्हती. मागच्या चुकांबद्दल एक ओळ माफीची घालू द्या, असं त्यानं मुख्य संपादकांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, चांगल्या बातमीत जुनं उकरू नकोस. तो पुन्हा गप्प बसला.

सकाळी उजाडताना भाचीचा फोन आला. भाऊजी गेले.

तो ताईच्या घरी पोचला तेव्हा बाहेरच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. ताई भिंतीला टेकून होती, डोळे कोरडे. त्याला पाहून तिनं शेजारची जागा हातानंच दाखवली. पिशवीत आजचा अंक होता, तो का आणला हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. कदाचित दाखवायचा असेल. बघ ताई, आज एक अक्षर चुकलेलं नाही. बुंद से गई वो हौद से नहीं आती, हे शहाण्या माणसाला कळतं, पण शहाणा माणूसही रिकामा हंडा घेऊन हौदाशी जातोच.

लांबून आलेल्या कुणीतरी पाणी मागितलं. भाची आत गेली, नळ सोडल्याचा आवाज आला, मग गॅस पेटवल्याचा. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या की अगं, कशाला गॅस घालवतेस, पाणी चांगलं झालंय, आज पेपरात आलंय चौकटीत.

“त्या चौकटीत ना?” ताई म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, थकवा होता. “मग उकळूनच घे, पोरी.”

काकूंना एकदम तो कोण आहे ते आठवलं आणि त्यांनी पदर सारखा केला. ताईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुला म्हणून नाही रे,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं, म्हणूनच त्याला ते सहन झालं नाही.

भाची पातेलं धरून स्वयंपाकघराच्या दारात आली. वडील गेलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर जो गोंधळ असतो तो तिच्या चेहऱ्यावर होता, काय करू आणि कशाला करू असा. “मामा, तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “तुमचंच ऑफिस आहे. पाणी खरंच चांगलं झालंय का?”

झालं होतं. त्याला नळांची ठिकाणं माहीत होती, दोन्ही अहवाल माहीत होते, अभियंत्याचे शब्द माहीत होते. जन्मभर तो ज्याला त्याला जे विचारत आला, ते ‘खात्री केलीस?’ आज त्याला कुणी विचारलं असतं तर तो छातीवर हात ठेवून हो म्हणाला असता. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. ताईचा हात अजून गुडघ्यावर होता.

“उकळ,” तो म्हणाला.